"पाणी येत नाही" एवढंच लिहू नका ताई, कोणकोणत्या दिवशी येत नाही ते लिहा

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही दक्षिण नागपुरात 12 फ्लॅटच्या स्कीममध्ये राहतो. उन्हाळ्यात समोरचा रोड सिमेंटचा झाला तेव्हापासून नळाचं काही खरं नाही. कधी येते, कधी अर्धा तास येऊन जाते, कधी येतच नाही. हेल्पलाईनवर पाचदा कम्प्लेंट केली, दरवेळी टँकर पाठवतात नाहीतर दुसऱ्या दिवशी पाणी येते अन् कम्प्लेंट बंद. आमच्या इथले एक काका रोज सकाळी मीटरचं रीडिंग वहीत लिहितात, त्या पानांचे फोटो पाठवतेय. सगळे म्हणतात मनपाला लेखी द्या. मी लिहिलेला अर्ज सोबत जोडलाय, पण तो वाचून मलाच वाटतं की हा कोणी वाचणार नाही. कोणाला द्यायचा, काय लिहायचं? (एका फ्लॅटवाल्याने टुल्लू पंप लावलाय, ते लिहायचं का?)
— एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई, तुमचा अर्ज वाचला. दीड पान आहे, त्यातलं एक पान हालअपेष्टांचं आहे, सणासुदीचे दिवस, म्हातारी माणसं, पोरांची शाळा, सगळं खरं आहे अन् वाचून मलाही वाईट वाटलं, पण मी विदर्भातल्या एका नगरपरिषदेत आवक-जावकच्या टेबलावर 19 वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, तुमचा अर्ज तिथे आला असता तर मी त्याचं काय केलं असतं ते. मी फक्त "विषय" वाचला असता. रजिस्टरमध्ये तेवढाच उतरवायचा असतो ना. तुमचा विषय आहे "पाणी न येणेबाबत". हा उतरवला, शिक्का मारला, साहेबांसमोर टपाल गेलं, साहेबांनी विषयावर नजर टाकून कोपऱ्यात खूण केली अन् कागद तक्रारी बघणाऱ्या पोराकडे गेला. त्या पोराने तुम्हाला फोन केला, "ताई आज पाणी आहे का?" तुम्ही म्हणाल्या "आज आहे". झालं, निकाली. त्या बिचाऱ्याने काही चूक पण नाही केली, विषयात विचारलं तेवढं त्याने बघितलं.

म्हणजे हेल्पलाईनवर जे पाचदा झालं तेच सहाव्यांदा कागदावर झालं असतं.

गोम इथेच आहे. त्यांच्या सिस्टिममध्ये "आज पाणी नाही" ही एक तक्रार असते अन् उद्या पाणी आलं की ती संपते. पाच तक्रारी म्हणजे त्यांच्या लेखी पाच वेगवेगळे प्रॉब्लेम, पाचही सुटलेले. तुमचं खरं दुखणं हे आहे की तोच प्रॉब्लेम परत-परत येऊन राहिला, अन् हे सांगायला त्या हेल्पलाईनच्या फॉर्ममध्ये जागाच नाही. लेखी अर्जाचा उपयोग तेवढ्यासाठी. त्यामुळे अर्जात "पाणी द्या" असं मागायचं नाही, "वारंवार का बंद होते ते जागेवर येऊन शोधा आणि काय सापडलं ते लेखी कळवा" असं मागायचं. एकदा "कारण शोधून" असे शब्द विषयात आले की तो कागद तक्रार बंद करणाऱ्या माणसाचा राहत नाही, इंजिनिअरकडे जातो.

आता तुमच्या काकांच्या वहीकडे येतो, कारण ती वही म्हणजे सोनं आहे बाप्पा. तुम्ही ती फोटो म्हणून सोबत जोडून दिली अन् अर्जात तिचा एक शब्द नाही! मी बसून आकडे काढले. 1 सप्टेंबर ते 12 ऑक्टोबर, बरोबर 42 दिवस. ज्या दिवशी पाणी नीट आलं त्या दिवशी मीटर साधारण 6 युनिटने पुढे सरकलंय, एक युनिट म्हणजे 1000 लिटर, म्हणजे सहा हजार लिटर. असे 24 दिवस आहेत. 11 दिवस मीटर अडीच युनिटच्या आतच थांबलंय, त्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी 1.8 युनिट. 5 दिवस आकडा हललाच नाही. उरलेल्या 2 दिवसांपुढे काकांनी स्वतःच लिहिलंय "शटडाऊन, पेपरात होते". या काकांना माझा नमस्कार सांगा.

या 2 दिवसांचं महत्त्व तुम्हाला आत्ता नाही वाटणार. पेंचचं पाणी असो की कन्हानचं, जलशुद्धीकरण केंद्रावर किंवा मोठ्या लाईनवर काम निघालं की नागपुरात शटडाऊन घेतात, आधी पेपरात येते, त्या दिवशी अख्ख्या भागात पाणी नसते. तुम्ही 18 दिवस पाणी नव्हतं म्हणून लिहिलं असतं अन् त्यातले 2 दिवस जाहीर शटडाऊनचे निघाले असते, तर उत्तर ठरलेलं होतं, "सदर दिवशी शटडाऊन असल्याने पाणीपुरवठा बंद होता". एका ओळीत तुमच्या अख्ख्या अर्जावर पाणी फिरलं असतं, तेही नळाचं नाही. म्हणून ते दिवस आपणच बाजूला काढायचे अन् काढले असं लिहायचं. म्हणजे 16 राहिले. 16 हा आकडा 18 पेक्षा लहान आहे पण कोणी खोडू शकत नाही.

अजून एक गोष्ट मला त्या वहीत दिसली जी तुम्हाला कोणालाच दिसली नाही वाटते. या 16 पैकी 11 दिवस मंगळवार नाहीतर शुक्रवार आहेत. सहा आठवड्यात हे वार मिळून 12च दिवस येतात, त्यातले 11 वाईट. हा योगायोग नसावा. मला वाटते त्या दिवशी कुठला तरी वॉल्व्ह फिरवतात अन् पाणी दुसरीकडे वळते, किंवा रोडच्या कामात एखादं वॉल्व्ह चेंबर सिमेंटखाली गेलं अन् वॉल्व्ह अर्धाच उघडा राहिला, दाब कमी असला की शेवटच्या घरांपर्यंत पोचत नाही. पण ऐका, यातलं काही अर्जात लिहायचं नाही. तुम्ही "वॉल्व्ह दबला आहे" असं लिहिलं अन् तो नसला दबलेला, तर "तपासणी केली असता वॉल्व्ह सुस्थितीत आढळला" एवढं उत्तर देऊन ते मोकळे. कारण शोधणं त्यांचं काम. आपण फक्त जे बघितलं ते सांगायचं, कोणते वार, कधीपासून, रोड कधी झाला. इंजिनिअर हुशार असतात, मंगळवार-शुक्रवार वाचलं की त्याच्या डोक्यात दिवा लागतो, त्याला माहीत असते त्या दिवशी कोण काय करते.

आणि तो रोड! तुम्ही मला प्रश्नात एका वाक्यात सांगून मोकळ्या झाल्या अन् अर्जात तर तो नाहीच. तो पहिल्या परिच्छेदात पाहिजे. "याआधी असा त्रास नव्हता" हे वाक्य पण पाहिजे, अन् ते सिद्ध करायला मागच्या वर्षीच्या याच महिन्यांचं अन् यंदाचं पाण्याचं बिल जोडा. बिलावर वापर छापलेला असतो. मागच्या वर्षी जास्त युनिट अन् यंदा कमी, माणसं तेवढीच, तर त्यांचंच बिल त्यांच्याविरुद्ध साक्ष देते.

आता काही लोक सांगतील की माणशी 135 लिटरचा नियम लिहा. केंद्राच्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये ड्रेनेज असलेल्या शहरांसाठी 135 लिटर दरडोई धरलंय हे खरं आहे, तुमच्या 46 माणसांचं ते 6210 लिटर होते, म्हणजे तुमच्या चांगल्या दिवसाच्या 6 युनिटच्या जवळपासच. 1.8 युनिटच्या दिवशी माणशी 39 लिटर पडले. हा 39 चा आकडा एका ओळीत लिहायला हरकत नाही, मी खाली लिहिलंय. पण सगळा भार 135 वर टाकू नका, तो डिझाईन करायचा आकडा आहे, तुम्हाला रोज तेवढं देतो असं कोणी लिहून दिलेलं नाही. तुमचे चांगले दिवस विरुद्ध तुमचे वाईट दिवस, ही तुलना जास्त पक्की, त्यात वाद घालायला जागा नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पाणी तुटक-तुटक येते तेव्हा आधी पाईपातली हवा येते अन् हवेने पण मीटर फिरते, त्यामुळे वाईट दिवसाचा खरा आकडा मीटरपेक्षा कमीच असणार, जास्त नाही. कोणी विचारलं तर सांगा, अर्जात नको.

आधी एक खात्री करून घ्या नाहीतर फजिती होईल. हे रीडिंग मीटरचं आहे, म्हणजे रोडच्या लाईनमधून तुमच्या सम्पात आलेलं पाणी. तुमच्या किचनच्या नळाचं नाही. बऱ्याच स्कीममध्ये सम्पातला फ्लोट वॉल्व्ह अडकलेला असतो, सम्प भरायच्या आधीच पाणी बंद, किंवा मीटरच्या आधीची जाळी कचऱ्याने बुजलेली असते, अन् लोक मनपाला शिव्या देऊन राहिले. प्लंबरला बोलावून हे दोन्ही बघून घ्या, दोन-चारशे रुपयांचं काम आहे, आणि त्याच्या बिलाची झेरॉक्स जोडा. मग गल्लीत चौकशी करा. शेजारच्या घरांनाही त्याच दिवशी पाणी नव्हतं का? नव्हतं म्हणाले तर त्यांचे ग्राहक क्रमांक अन् सह्या घ्या, सात-आठ घरं पुरे. गल्लीच्या सुरुवातीच्या घरांना येते अन् शेवटच्यांना नाही, असं असेल तर तेही लिहा, इंजिनिअरला त्याचा खूप उपयोग होतो. एकट्या स्कीमचा अर्ज असला की पहिला संशय तुमच्या पायपिंगवर जातो, गल्लीचा असला की जात नाही.

कोणाला द्यायचा? एकालाच. तुमच्या अर्जावर वर सात नावं आहेत, आयुक्तांपासून पालकमंत्र्यांपर्यंत. सात जणांच्या नावाचा कागद कोणाचाच नसतो, प्रत्येकाला वाटते बाकीचे सहा बघतील. "प्रति" मध्ये जलप्रदाय विभागाचे कार्यकारी अभियंता. खाली "प्रत माहितीस्तव" म्हणून दोघं, तुमच्या झोनचे सहाय्यक आयुक्त आणि बिलावर जिचं नाव आहे ती ऑपरेटर कंपनी. नागपुरात 2012 पासून वाटपाचं रोजचं काम ऑपरेटर कंपनी पाहते, म्हणून बरेच जण फक्त कंपनीलाच लिहितात, पण कंपनीकडून काम करून घ्यायची जबाबदारी मनपाचीच आहे, तुमचा अर्ज मनपाच्या रजिस्टरला चढला पाहिजे. मूळ प्रत सिव्हिल लाईन्सच्या मुख्यालयात द्या, झोन ऑफिसमध्ये झोनची प्रत द्या, दोन्हीकडे पोच घ्या.

हा घ्या मसुदा. रिकाम्या जागा भरा, बाकी शक्यतो बदलू नका, विशेषतः विशेषणं घालू नका, "अत्यंत", "असह्य", "निष्काळजी" वगैरे. तो मोह आवरा.

---

दिनांक : 14 ऑक्टोबर ____

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
जलप्रदाय विभाग,
नागपूर महानगरपालिका, सिव्हिल लाईन्स, नागपूर

विषय : (स्कीमचे नाव, पत्ता) येथे 1 सप्टेंबरपासून वारंवार खंडित होणाऱ्या पाणीपुरवठ्याचे कारण संयुक्त पाहणीद्वारे शोधून दुरुस्ती करणेबाबत.

संदर्भ : 1) ग्राहक क्रमांक ______
2) हेल्पलाईन तक्रार क्रमांक ____, ____, ____, ____, ____

महोदय,

वरील पत्त्यावर 12 सदनिका असून 46 व्यक्ती राहतात. समोरील रस्त्याचे सिमेंटीकरण (महिना) मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वी पाणीपुरवठा नियमित होता. मागील वर्षीच्या याच कालावधीचे व या वर्षीचे देयक सोबत जोडले आहे.

आम्ही 1 सप्टेंबर ते 12 ऑक्टोबर या 42 दिवसांचे मीटर रीडिंग दररोज नोंदवले आहे. त्यापैकी 24 दिवस सरासरी 6 युनिट पाणी मिळाले. 11 दिवस अडीच युनिटपेक्षा कमी मिळाले, 5 दिवस अजिबात मिळाले नाही. जाहीर शटडाऊनचे 2 दिवस यात धरलेले नाहीत. शून्य पुरवठ्याचे दिवस वगळता सर्वात कमी पुरवठ्याच्या दिवशी 1.8 युनिट, म्हणजे दरडोई सुमारे 39 लिटर पाणी मिळाले. कमी अथवा शून्य पुरवठ्याच्या 16 दिवसांपैकी 11 दिवस मंगळवार किंवा शुक्रवार आहेत.

संदर्भीय पाचही तक्रारी टँकर पाठवून किंवा दुसऱ्या दिवशी पाणी आल्यावर बंद करण्यात आल्या. पुरवठा वारंवार का खंडित होतो याचे कारण आजपर्यंत कळविण्यात आलेले नाही. इमारतीचा फ्लोट वॉल्व्ह व मीटरची जाळी दि. ____ रोजी तपासून घेतली असून ती व्यवस्थित आहे. याच गल्लीतील __ घरांनाही त्याच दिवशी पुरवठा मिळालेला नाही, त्यांचे ग्राहक क्रमांक व सह्या जोडल्या आहेत.

तरी विनंती की,
1) मंगळवार किंवा शुक्रवार रोजी, पाणी सोडण्याच्या वेळेत, आमच्या प्रतिनिधीसमक्ष जागेवर पाहणी करावी.
2) आढळलेले कारण व दुरुस्तीची अपेक्षित तारीख लेखी कळवावी.
3) दुरुस्ती होईपर्यंत शून्य पुरवठ्याच्या दिवशी टँकर देण्यात यावा.

पुरेसा पाणीपुरवठा हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, हे आपणास विदित आहेच.

पाहणीसाठी संपर्क : (नाव, मोबाईल, उपलब्ध वेळ)

आपला विश्वासू,
(सचिव, सही व शिक्का)

सोबत : 42 दिवसांचा तक्ता, दोन देयके, प्लंबरचे बिल, शेजाऱ्यांच्या सह्या

प्रत माहितीस्तव : 1) मा. सहाय्यक आयुक्त, ______ झोन 2) ऑपरेटर कंपनी ______

---

एक पान झालं बघा. दोन-तीन गोष्टी सांगतो यातल्या.

"मंगळवार किंवा शुक्रवार, पाणी सोडण्याच्या वेळेत" हे मुद्दाम घातलंय. नाहीतर पाहणीला माणूस येतो दुपारी बारा वाजता, बुधवारी, नळ बघतो, सम्प बघतो, सम्पात पाणी आहे, फोटो काढतो, "पुरवठा सुरळीत" लिहून जातो. असं मी शंभरदा पाहिलंय. आणि "प्रतिनिधीसमक्ष" म्हणजे तुमच्या काकांना त्या दिवशी खाली उभं करा, वही हातात घेऊन. पाहणी झाली की पंचनाम्यासारखा एक छोटा कागद बनतो, त्याच्यावर सही मागतील, वाचल्याशिवाय करू नका. पाहणीत जे दिसलं ते त्यात नसेल तर आपल्या हाताने खाली एक ओळ लिहा अन् मग सही करा.

टँकर तिसऱ्या नंबरवर आहे, पहिल्या नाही. तुमच्या अर्जात तो पहिला होता. पहिला ठेवला तर टँकर येतो अन् काम संपते, पुन्हा तेच. प्रायव्हेट टँकरच्या पावत्या जपून ठेवा पण त्यांचे पैसे या अर्जात मागू नका, नुकसानभरपाईचा शब्द दिसला की कागद विधी विभागाकडे जाते अन् तिथून कधी येते देव जाणे.

कलम 63 ची एकच ओळ बस. बरेच जण हायकोर्टात जाऊ, आंदोलन करू, पेपरात देऊ अशा धमक्या लिहितात. काहून लिहायच्या? जायचं असेल तेव्हा जा. आधीच लिहिलं की समोरचा माणूस काम करायचं सोडून स्वतःला वाचवणारं उत्तर लिहायला बसतो.

तक्ता साधा करा, चार रकाने, तारीख अन् वार, सकाळचं रीडिंग, त्या दिवशीचे युनिट, शेरा. शेऱ्यात "शटडाऊन" किंवा तक्रार क्रमांक. वाईट दिवसांच्या ओळी हायलाईटरने रंगवा, झेरॉक्समध्ये राखाडी दिसतात पण दिसतात. काकांची मूळ वही देऊन टाकू नका हो, फक्त झेरॉक्स.

तुम्ही अर्जात शेवटी पाण्याला वास येतो असं पण लिहिलं होतं, ते मी काढलं, पण ते सोडून देण्यासारखं नाही. लाईन रिकामी राहिली की बाहेरच्या मातीतलं, कधी गटारीचं पाणी जोडातून आत ओढलं जाते, म्हणून गॅपनंतर पहिली काही मिनिटं वास येतो. त्याची वेगळी तक्रार आजच करा, नमुना तपासायला मागा, अन् पहिलं पाणी सम्पात न घेता बाहेर सोडा, पिण्याचं उकळा. एका अर्जात दोन विषय टाकले तर सोपा विषय निकाली निघतो अन् अवघड तिथेच राहते.

अर्ज दिल्यावर पोच घ्यायची म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही. नुसता शिक्का म्हणजे कागद टेबलावर पडला एवढंच, रजिस्टरला चढला की नाही ते क्रमांकावरून कळते. क्लार्क म्हणेल "नंबर नंतर पडेल, जा", तर बसून राहा, पंधरा मिनिटं लागतात. मी पण लोकांना असंच सांगायचो, खरं सांगतो.

पंधरा दिवसात कोणी आलं नाही तर स्मरणपत्र, चार ओळींचं, आवक क्रमांक अन् तारीख लिहून, रीडिंगचे नवे पंधरा दिवस जोडून. त्यात रडगाणं नको, "सदर अर्जावर झालेली कार्यवाही कळवावी" एवढंच. त्यावरही काही नाही झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्रात हा अर्ज 150 शब्दांच्या आत अन् एकाच विषयावर लागतो, त्यामुळे परत पाण्याची कथा लिहू नका अन् "पाणी का येत नाही?" असं तर विचारूच नका. "का" ला माहिती समजत नाहीत, त्या प्रश्नाला उत्तर येत नाही. कागद मागा : आमच्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची छायाप्रत, पाहणी अहवालाची छायाप्रत, आणि सध्या तो अर्ज कोणाकडे प्रलंबित आहे त्या अधिकाऱ्याचे पदनाम. 30 दिवसात उत्तर द्यावं लागते. बरेचदा उत्तर यायच्या आधी माणूसच येतो, कारण टिपणीची छायाप्रत द्यायची म्हणजे आधी टिपणी लिहिलेली पाहिजे, अन् ती लिहायला जागेवर जावंच लागते. तेही नाही झालं तर पहिलं अपील, त्याबद्दल तेव्हा लिहा मला, आत्ता डोक्यात भर नको.

थकबाकी आहे का तेवढं बघून घ्या अर्ज द्यायच्या आधी. बिल थकलेलं असेल तर संभाषण तिथूनच सुरू होते अन् तिथेच संपते.

आता टुल्लूचं. अर्जात लिहायचं नाही, पण तुम्ही कंसात विचारला तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. मेन लाईनवर थेट पंप लावून पाणी ओढायला मनाई आहे, पथक येते तेव्हा पंप जप्त करतात. तुम्ही स्वतःच पाहणी बोलावून राहिल्या, तेही पाणी सोडायच्या वेळेत, म्हणजे तो भाऊ नेमका पंप चालवत असेल त्याच वेळी. इंजिनिअर आला, घरघर ऐकली, की तुमची 42 दिवसांची वही, काकांची मेहनत, सगळं बाजूला, अहवालात एकच वाक्य, "इमारतीत टुल्लू पंप आढळला". शिवाय तुमचे शेजारी ज्यांनी सह्या दिल्या ते पण म्हणतील की पाणी तर तुम्हीच ओढून राहिले. त्या पंपवाल्या भावाला चांगल्या शब्दात समजवा, नाही ऐकलं तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घ्या अन् ठराव लिहा, पण पंप निघाल्याशिवाय अर्ज देऊ नका. पंप निघाल्यानंतरचे सात-आठ दिवस रीडिंग परत घ्या. त्यात पण मंगळवार-शुक्रवार तसेच कोरडे गेले तर अर्जातल्या तारखा अन् आकडे नव्या रीडिंगप्रमाणे बदलून तो तक्ता जोडा. नाही गेले, पाणी नीट आलं, तर मग हा अर्ज लागतच नाही, मला तसं कळवा.

अन् काकांना सांगा, रीडिंगच्या बाजूला पाणी किती वाजता सुरू झालं अन् किती वाजता गेलं ते पण आजपासून लिहा.